अंतराळ स्थानकात गुरुत्वाकर्षण आहे म्हणतात, मग माणसं तरंगतात कशी?

केळीवाला_रावेर

नमस्कार मंडळी. काल जेवणं झाल्यावर ओट्यावर बसून आप्पांना मोबाईलवर शुभांशु शुक्लांचे जुने व्हिडिओ दाखवत होतो. आप्पा म्हणजे माझे वडील, वय ७१, अख्खं आयुष्य केळीच्या बागेत. पाण्याचा गोळा हवेत तरंगताना बघून त्यांनी विचारलं, "हे असं कसं?" मी ठोकून दिलं, "आप्पा, तिथे गुरुत्वाकर्षण नसतं."

आप्पांनी सुपारी कातरता कातरता एवढंच म्हटलं, "नसतं, तर ते स्थानक पृथ्वीभोवती काय म्हणून फिरतंय? दावं तुटलेलं वासरू खुंट्याभोवती फिरतं का कधी?"

माझी बोलती बंद. त्यात आमची नववीतली कन्या वही घेऊन आली. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर, स्थानक वर साधारण ४०० किलोमीटर, तिने पुस्तकातलं सूत्र लावलं आणि उत्तर काढलं की तिथलं गुरुत्वाकर्षण इथल्याच्या सुमारे ८९ टक्के आहे! म्हणजे दावं जवळपास तेवढंच घट्ट. मग माणसं तरंगतात कशाने? घरात माझी इज्जत पणाला लागली आहे. जाणकारांनी सांगावं, पण आप्पांना कळेल असं.

---

शेवभाजी_एक्स्ट्रा_तर्री

८९ टक्के असूनही तरंगतात, कारण वर शेवभाजी मिळत नाही. आमच्याकडे दोन वाट्या खाऊन कोणी तरंगून दाखवावं.

---

भुसावळ_जंक्शन

सोपं आहे भो. स्थानक गोल फिरतं, त्यामुळे केंद्रोत्सारी बल बाहेर ओढतं. गुरुत्वाकर्षण आत ओढतं. दोन्ही सारखी, म्हणून वजाबाकी शून्य. पाण्याची बादली गरागरा फिरवली तर पाणी सांडत नाही, तसंच. आप्पांना बादली फिरवून दाखवा, विषय संपला.

---

चोपडेकरीण

मला वाटायचं तिथे हवा नाही म्हणून वजन नाही. पण मग स्थानकाच्या आत तर हवा असते, त्याशिवाय ते श्वास कसा घेतील? म्हणजे माझंच उत्तर चुकलं. पुढचं वाचायला थांबते.

---

निवृत्त_मास्तर_धुळे

चोपडेकरीण ताई, उत्तर चुकलं हे स्वतःच पकडलंत, अर्धं काम झालं.

हवेचा संबंध नाही, आणि उंचीचाही जवळजवळ नाही. समजा ४०० किलोमीटर उंच मनोरा बांधला आणि त्याच्या टोकावर वजनकाटा ठेवून केळीवाल्यांना उभं केलं. इथे त्यांचं वजन ६० किलो दाखवत असेल तर तिथे ५३ च्या आसपास दाखवेल. तरंगणं वगैरे काही नाही, पाय दुखतील, बसायला खुर्ची मागतील. आणि शेजारून, त्याच उंचीवरून, स्थानक सर्रकन निघून जाईल आणि त्यातली माणसं मात्र तरंगत असतील. उंची तीच, ओढ तीच. मग फरक कशाचा?

शुभांशुंच्याच प्रवासातली एक गोष्ट बघा. २५ जून २०२५ ला ते निघाले तेव्हा यानात हंसाच्या पिल्लाचं 'जॉय' नावाचं एक मऊ खेळणं सोबत होतं. वर जाताना इंजिन चालू असतं तोवर माणूस खुर्चीत दाबला जातो, शेवटी शेवटी तर स्वतःच्या वजनाच्या तीन-चार पट. साधारण नवव्या मिनिटाला इंजिन बंद होतं आणि त्याच क्षणी ते खेळणं तरंगायला लागतं. तेव्हा यान जमिनीपासून २०० किलोमीटरच्या आसपास असतं. तिथे ओढ इथल्याच्या ९४ टक्के आहे. इंजिन बंद होण्याआधीच्या सेकंदालाही तेवढीच होती, नंतरच्या सेकंदालाही तेवढीच. पृथ्वीने काहीच बदललं नाही. बदललं एवढंच, की खालून रेटणारी खुर्ची रेटायची थांबली.

आपल्याला 'वजन' म्हणून जे जाणवतं ती पृथ्वीची ओढ नव्हेच. जाणवतो तो जमिनीचा, खाटेचा, खुर्चीचा खालून येणारा रेटा. ओढ शरीराच्या कणाकणाला सारखीच लागते, तिची जाणीव व्हायला आपल्याकडे इंद्रियच नाही. रेटा काढून घ्या, ओढ राहू द्या, माणूस म्हणेल मला वजनच नाही.

---

सारंगखेडा_एक्सप्रेस

मास्तर, हे मी भोगलंय! सारंगखेड्याच्या यात्रेत मोठ्या पाळण्यात बसलो होतो. वरून खाली येताना पोटात जो खड्डा पडतो ना, बूड फळीवरून सुटल्यासारखं होतं, तेच का हे? माझ्या शेजारी बायको होती, तिने दंड असा धरला की तीन दिवस वळ होता. तेव्हापासून मी यात्रेत फक्त घोडे बघतो.

---

निवृत्त_मास्तर_धुळे

तेच. पाळणा खाली येताना फळी तुमच्या खालून थोडी निसटते, रेटा कमी होतो, तेवढं वजन कमी वाटतं. पाळणा जोरात पडलाच तर रेटा पूर्ण जाईल. स्थानकातली माणसं तो पोटातला खड्डा चोवीस तास घेऊन जगतात. बऱ्याच जणांना पहिले काही दिवस मळमळतं ते काय उगीच?

---

शिरपूरनी_वाट

भाऊसहोन, मी ते वजन कमी करानी युक्ती वाचाले उनू व्हतू. आठे ते इमानच पडी ऱ्हायनं!

---

केळीवाला_रावेर

मास्तर, सकाळी चहाच्या वेळी आप्पांना वाचून दाखवलं. खुर्चीचा रेटा त्यांना लगेच पटला. म्हणाले, विहिरीत उडी मारताना खांद्यावरचं ओझंही जड लागत नाही. पण पुढचा प्रश्न तयार: "म्हणजे ते पडतायत. मग वर्षानुवर्षं पडूनही खाली कसे येत नाहीत? विहिरीला तळ असतो."

---

निवृत्त_मास्तर_धुळे

आप्पांना माझा नमस्कार सांगा, नेमकं तेच विचारायला हवं होतं.

एकच सेकंद घेऊ. स्थानक सेकंदाला साधारण ७.६७ किलोमीटर पुढे जातं. 'एक' म्हणेपर्यंत साडेसात किलोमीटरच्या वर. तिथल्या ओढीने पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला ८.६९ मीटर प्रतिसेकंदाने वाढतो असं धरलं, तर पहिल्या सेकंदात कुठलीही वस्तू त्या आकड्याच्या निम्मी, म्हणजे ४.३४ मीटर खाली पडते. स्थानकही तेवढं पडतं. एक मजला आणि वर थोडं.

आता पृथ्वी गोल आहे. स्थानक ७.६७ किलोमीटर अगदी सरळ रेषेत गेलं असतं, तर पृथ्वीच्या केंद्रापासून थोडं लांब गेलं असतं. किती? ७.६७ चा वर्ग ५८.८. त्याला केंद्रापासूनच्या अंतराच्या दुपटीने, म्हणजे १३५४२ ने भागा. ०.००४३४ किलोमीटर. म्हणजे ४.३४ मीटर! जेवढं पडलं, तेवढीच जमीन त्याच्याखालून वळून गेली. उंची होती तेवढीच राहिली. पुढच्या सेकंदालाही तेच, त्याच्या पुढच्याही. साधारण ९३ मिनिटांत एक फेरी.

आप्पांच्या विहिरीला तळ आहे खरा, पण इथे तळच तेवढ्याच वेगाने खाली सरकतोय. त्यांचं दावंही बरोबर आहे. दावं आहे म्हणूनच वासरू वळतंय.

---

केळीवाला_रावेर

कन्येने गुणाकार-भागाकार तपासला, जुळला. मला वाटलं आकडे जुळवून आणलेत.

---

निवृत्त_मास्तर_धुळे

आकडे नाही, वेग जुळवलेला असतो! रॉकेटचं बहुतेक इंधन उंची गाठायला नाही, हा आडवा वेग द्यायला खर्च होतं. आणि परत यायचं तेव्हा यान सरळ खाली येत नाही. पुढच्या दिशेला इंजिन चालवून वेग सेकंदाला शंभरेक मीटरने कमी करतात, बास. ७६७० मधून शंभर म्हणजे फार नव्हे. पण तेवढ्याने पडणं जमिनीच्या वळण्यापेक्षा किंचित जास्त होतं, वाट खाली हवेत घुसते आणि पुढचं काम हवा करते.

---

अमळनेरचा_आण्णा

हवेवरून आठवलं, थोडं अवांतर करतो. १९७९ साली मी सातवीत होतो. अमेरिकेचं स्कायलॅब पडणार म्हणून गावात नुसता गोंधळ. कोणी म्हणे तापीत पडणार, कोणी म्हणे थेट आमच्या चावडीवर. आमच्या आजीने जाहीर केलं, मरायचंच असेल तर पोट भरून मरू, आणि मांडे करायला घेतले. उलट्या खापरावर आजी मांडे टाकतेय आणि आम्ही पोरं गच्चीवर आकाशाकडे बघतोय. ते जुलैमध्ये पडलं, तुकडे निघाले ऑस्ट्रेलियात. आजी म्हणाली, "चला, मांडे तरी झाले."

प्रश्न असा, की तेही असंच 'पडत' होतं ना मास्तर? मग जमिनीने त्याच्याशी दगा का केला?

---

पुण्यातला_जळगावकर

आण्णा, मी सांगतो. तिथे वर अगदी थोडी का होईना हवा आहे. सूर्य जास्त तापला की वातावरण फुगतं आणि वरची हवा दाट होते. स्कायलॅबच्या वेळी सूर्य अंदाजापेक्षा जास्त तापला आणि ते अपेक्षेपेक्षा लवकर खाली आलं. आत्ताचं स्थानकही महिन्याला दोनेक किलोमीटर उतरतं. मग त्याला जोडलेल्या यानाचं इंजिन थोडा वेळ चालवून ते परत वर नेतात. स्कायलॅबकडे तशी सोय नव्हती.

आणि खरी गंमत त्या थोड्या वेळात आहे. तेव्हाचे व्हिडिओ शोधा. अंतराळवीर मध्यभागी हात-पाय आखडून स्वस्थ तरंगत असतात, आणि अख्खं स्थानक हळूहळू पुढे सरकून मागची भिंत त्यांच्या अंगाला येऊन लागते. आत असणाऱ्याला वाटतं आपणच मागे पडतोय. इंजिन म्हणजे रेटा आला, रेटा आला की लगेच 'खाली' नावाची दिशा तयार झाली. मास्तरांचं म्हणणं याच्याहून चांगलं कुठे दिसणार?

---

भुसावळ_जंक्शन

अहो पण माझं केंद्रोत्सारी बल कोणीच मनावर घेईना. आम्हाला अकरावीत असंच शिकवलं. दोन बलं, समसमान, परिणाम शून्य. गणितही बरोबर येतं. चूक काय?

---

निवृत्त_मास्तर_धुळे

भुसावळकर, परिणाम खरंच शून्य असता तर स्थानक वळलं असतं का? ज्यावर एकूण बल शून्य ते सरळ रेषेत निघून जातं. आप्पांचं वासरू शेजारच्या शेतात.

---

भुसावळ_जंक्शन

मी स्थानकाच्या आत बसून बोलतोय. आत बसणाऱ्याच्या दृष्टीने स्थानक वळतच नाहीये, जागेवर आहे. तिथून केंद्रोत्सारी बल धरावंच लागतं. पुस्तकं उगाच छापत नाहीत.

---

केळीवाला_रावेर

भांडू नका, मी काल प्रयोग करून आलोय. ऐका.

पाण्याची एक लिटरची प्लास्टिकची बाटली घेतली. तळाशी, बाजूला, तापवलेल्या खिळ्याने भोक पाडलं. मास्तरांचं खरं असेल तर बाटली पडताना धार थांबायला हवी, कारण वरच्या पाण्याचा खालच्या पाण्यावर भारच राहणार नाही. भोकावर बोट ठेवून पाणी भरलं, गच्चीवर गेलो, खाली कन्या मोबाईलवर संथगती व्हिडिओ घ्यायला उभी. बोट काढलं, बाटली सोडली. धार नाही! मी गच्चीवरच नाचलो.

कन्या वर येऊन म्हणाली, "पप्पा, झाकण लावलेलं होतं. धार तर तुमच्या हातात असतानाही नव्हती." खरंच की. झाकण बंद असलं की हवा आत जात नाही आणि धार तशीही थांबते. म्हणजे आमच्या यशाला काडीचा अर्थ नव्हता.

दुसऱ्या वेळी झाकण काढलं. हातात धरली तेव्हा मस्त वीतभर लांब धार. सोडली आणि व्हिडिओत स्पष्ट दिसतं, हात सुटला त्याच क्षणी धार तुटली. आधी निघालेलं पाणी बाटलीच्या शेजारून बरोबरच पडत राहिलं, पण भोकातून नवीन काही नाही. फक्त बाटली अर्धी रिकामी असताना शेवटी शेवटी दोन-चार थेंब निघाले. ते का?

आणि तिसरी वेळ, हे कन्येच्या डोक्यातून आलं. बाटली अंगणातून सरळ वर फेकली. मला वाटलं वर जाताना धार चालू राहील आणि खाली येताना थांबेल. नाही! हातातून सुटल्यापासून परत येईपर्यंत, वर जातानाही, धार बंद. हे मला अजून नीट गिळत नाहीये.

आई म्हणाल्या, अंगणात चिखल कोणी केला.

---

निवृत्त_मास्तर_धुळे

वा! झाकणाची चूक कबूल केलीत त्याबद्दल जास्त मार्क.

शेवटचे थेंब बहुधा हवेचे. बाटली वेगात आली की हवा तिला खालून थोडं अडवते, म्हणजे थोडा रेटा मिळतो, म्हणजे थोडं 'वजन' परत येतं. हलकी बाटली जास्त अडते. पुण्याच्या जळगावकरांनी सांगितलेली स्थानकावरची विरळ हवा तेच करते, फक्त फार कमी. म्हणून जाणकार तिथे शून्य म्हणायचं टाळतात, 'सूक्ष्म गुरुत्व' म्हणतात. मला मात्र तोही शब्द आवडत नाही. गुरुत्व सूक्ष्म नाहीच, ८९ टक्के आहे.

आणि वर जाणारी बाटली. हात सुटल्यावर तिला वर रेटणारं काहीच उरत नाही. वर जातेय ती आधीच्या वेगाने, आणि तो वेग क्षणाक्षणाला घटतोय. बाटली आणि आतलं पाणी दोघांचा सारखाच घटतोय, म्हणून पाणी बाटलीला ढकलत नाही. 'पडणं' म्हणजे खालीच जाणं असं नाही. फक्त पृथ्वीच्या ओढीच्या हवाली होणं. मग दिशा वरची असो, खालची असो, की स्थानकासारखी आडवी.

भुसावळकर, आता सांगा. बाटली सरळ वर गेली, सरळ खाली आली. गोल फिरलीच नाही. केंद्रोत्सारी बल कुठून आणू?

---

भुसावळ_जंक्शन

बाटलीपुरतं मान्य. पण बाटलीच्या आत बसून बघितलं तर तिथेही एक आभासी बल धरावं लागेल, वरच्या दिशेने. नाव वेगळं, भानगड तीच. तेव्हा माझं उत्तर चूक नाही, दुसऱ्या खिडकीतून बघितलेलं आहे.

---

निवृत्त_मास्तर_धुळे

खिडकी मान्य. पण त्या खिडकीत बसून "म्हणून गुरुत्वाकर्षण कटलं" असं पोरांना सांगितलं की पोरं "तिथे गुरुत्वाकर्षण नसतं" एवढंच घरी नेतात. केळीवाल्यांनी आप्पांना तेच सांगितलं ना?

---

भुसावळ_जंक्शन

ते केळीवाल्यांचं आणि त्यांच्या शिक्षकांचं. बादली माझी खरी आहे.

---

चोपडेकरीण

बादलीत तर पाणी तळाला दाबलेलं असतं ना भाऊ? तरंगत कुठे असतं? मी आत्ता न्हाणीघरात फिरवून बघितली. हाताला ओढ लागते चांगलीच. बाटलीच्या प्रयोगाच्या उलटच झालं की हे.

---

शेवभाजी_एक्स्ट्रा_तर्री

चोपडेकरीण ताईंनी जंक्शनवर गाडी अडवली. सिग्नल लाल.

---

भुसावळ_जंक्शन

ताई, बादलीचा दाखला मागे घेतो. बाकीचं नाही.

---

केळीवाला_रावेर

मंडळी, आभारी आहे. आप्पांना सगळं सांगून झालं. बाटली त्यांनी स्वतः वर फेकून बघितली, दोनदा. पण ते काही सुटू देत नाहीत. आत्ता विचारतायत, "तिथे काट्यावर शून्य येणार, मग माणूस वाळला की जाड झाला हे कळतं कसं?"

---

पुण्यातला_जळगावकर

आप्पांना सांगा, तिथे हलवून मोजतात! स्प्रिंगवर बसवलेली बैठक असते. गुडघे पोटाशी घेऊन तिला घट्ट धरून बसायचं आणि ती पुढे-मागे झुलते. माणूस भारी असेल तर झोका सावकाश, हलका असेल तर भरभर. एका झोक्याला किती वेळ लागला त्यावरून किलो काढतात. सैल बसलं, अंग हललं, की आकडा चुकतो. आण्णांच्या त्या स्कायलॅबवरही असा काटा होता.

वजन गेलं तरी माणसातला माल तेवढाच असतो. ढकलायला, थांबवायला तेवढाच जोर लागतो.

---

केळीवाला_रावेर

वाचून दाखवलं. आप्पा बराच वेळ गप्प होते. गेल्या हंगामात एका व्यापाऱ्याने आमच्या मालाला काटा मारला होता, ते त्यांच्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. मग म्हणाले, "झोक्यावर मोजतात म्हणजे काट्याखाली बोट लावायला जागाच नाही. विचार त्यांना, केळीचा घड बसेल का त्या बैठकीवर?"

---

पुण्यातला_जळगावकर

घट्ट बांधला तर बसेल. सैल फण्या हलल्या तर आकडा चुकेल, आणि मग तिथेही वाद.